मॅक्सीच्या कडेला उभी असलेली माणसं

फोटो लॅबच्या काउंटरवर एक तक्रार रोज येते: ‘मोबाइलमध्ये फोटो पूर्ण होता, प्रिंटमध्ये कापला गेला.’ या तक्रारीच्या मुळाशी जावं, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून नगरमधल्या एका लॅबमध्ये जाऊन बसलो. यंत्रापेक्षा माझं लक्ष तिथल्या ऑपरेटरच्या पडद्यावरच्या एका चौकटीनं जास्त वेधून घेतलं. फोटोतलं काय राहणार आणि काय जाणार, हे ती चौकट ठरवते. बहुतेक ग्राहकांना ती कधी दिसतच नाही.

लॅबमधलं मिनीलॅब यंत्र कागदाचा रोल ओढतं. ४×६ इंचांची प्रिंट, म्हणजे आपण जिला मॅक्सी म्हणतो ती, काढायची असेल तर साधारणपणे ६ इंच रुंदीचा रोल लावतात आणि यंत्र त्याचे ४-४ इंचांचे तुकडे पाडतं. पातं कापतं ते कागदाला. फोटोचा भाग त्याच्या आधीच, पडद्यावर, गेलेला असतो.

कारण साधं आहे. मॅक्सीची लांबी रुंदीच्या दीडपट असते, म्हणजे प्रमाण ३:२. हे प्रमाण ३५ मिलिमीटर फिल्मचं. तिची एक फ्रेम २४×३६ मिलिमीटरची असते आणि १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे ती जगभर रुळली. मोबाइलचा कॅमेरा मात्र बहुधा ४:३ प्रमाणात फोटो काढतो. तो थोडा जास्त चौरस असतो. जुन्या स्टुडिओतली फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंचांची होती, म्हणजे ती मोबाइलच्या आकाराला मॅक्सीपेक्षा जवळची. आपल्या हातातला कॅमेरा एका घराण्यातला आणि कागद दुसऱ्या घराण्यातला आहे.

मोबाइलचा आडवा फोटो ६ इंच लांब करून छापला तर त्याची उंची साडेचार इंच होते. कागद ४ इंचांचा. अर्धा इंच कागदाबाहेर जातो, म्हणजे फोटोच्या उंचीचा नववा हिस्सा. यंत्राला काहीच सांगितलं नाही तर ते मध्य धरतं, पाव इंच वरून आणि पाव इंच खालून काढतं. उभा फोटो असेल तर हाच अर्धा इंच डाव्या-उजव्या बाजूंनी जातो आणि त्या बाजूंना माणसं उभी असतात.

मी बसलो होतो तेव्हा एक मावशी चांदबीबी महालापुढे काढलेला कुटुंबाचा फोटो घेऊन आल्या. महाल म्हणतात तो खरं तर सलाबतखानाचा मकबरा, शहराच्या पूर्वेला डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत. फोटो आडवा होता. पुढच्या रांगेत आजी पायऱ्यांवर बसलेल्या, नऊवारीचा काठ आणि पावलं फ्रेमच्या अगदी खालच्या कडेशी. मागे इमारत आणि तिच्यावर भरपूर मोकळं आकाश.

ऑपरेटरनं फाइल उघडली. यंत्रानं सुचवलेली चौकट आजींच्या पावलांवरून जात होती. त्यांनी ती माउसनं धरून खाली ओढली. खालची कड फोटोच्या कडेला भिडली आणि जाणारा सगळा अर्धा इंच वरच्या आकाशातून गेला. इमारतीचा माथा शाबूत राहिला. मग त्यांनी चौकट डावी-उजवीकडे हलवून पाहिली, पण ती हलेना.

“मावशी, ही एकाच दिशेला सरकते,” ते म्हणाले. “रुंदी पूर्ण वापरलीय. बाजूला सरकवायची तर फोटो मोठा करावा लागेल, आणि मग चारही बाजूंनी जास्त जाईल.”

काय कापायचं हे ठरवण्याची सगळी कला या एका वाक्यात आहे. आधी पाहायचं की फोटोचा जास्तीचा भाग उंचीत आहे की रुंदीत. मग त्याच दिशेच्या दोन कडा निरखायच्या आणि ज्या कडेला आकाश, फरशी, भिंत असेल तिथून सगळं द्यायचं. मध्य धरण्याचं काही बंधन नाही. माणूस अर्धवट ठेवायचाच असेल तर मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कड येऊ देऊ नये. मांडीवर किंवा कमरेच्या वर आलेली कड डोळ्यांना खुपत नाही.

दोन्ही कडांना माणसंच असली तर? त्यांनी दुसरा फोटो दाखवला. उभ्या धरलेल्या मोबाइलनं एका रांगेतली चुलत भावंडं घेतलेली, दोन्ही टोकांच्या मुलांची कोपरं कडेला टेकलेली. इथे चौकट कुठेही सरकवा, कुणाचा तरी हात जाणारच. अशा वेळी ऑपरेटर ‘फुल’ऐवजी ‘फिट’ निवडतात. तेव्हा चित्र ४×५.३३ इंचांचं होतं आणि वर-खाली प्रत्येकी एक तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी राहते. ती पट्टी अनेकांना आवडत नाही. मला विचाराल तर भावंडाच्या हातापेक्षा पांढरी पट्टी परवडली. त्याहून बरं म्हणजे ६×८ ची प्रिंट मागणं, कारण ते प्रमाण नेमकं ४:३ आहे.

पण चौकट नीट बसली म्हणजे काम संपलं नाही. कागद यंत्रातून जाताना किंचित डावी-उजवीकडे सरकतो. चित्र अगदी कागदाएवढंच ठेवलं तर कडेला पांढरी रेघ उमटेल, म्हणून यंत्र ते थोडं मोठं करून छापतं आणि प्रत्येक कडेचे एक-दोन मिलिमीटर आणखी जातात. आजींची पावलं कडेला टेकलेली असल्यानं नखांच्या बाजूचा थोडा भाग यातही जाणार होता. ऑपरेटरनं ते आधीच सांगितलं आणि मावशींनी मान्य केलं. पुढे फोटो फ्रेममध्ये बसवला की फ्रेमची आतली पट्टी चारही बाजूंनी आणखी काही मिलिमीटर झाकते. म्हणून कोपऱ्यात तारीख किंवा नाव लिहायचं असेल तर ते कडेपासून निदान बोटभर आत हवं.

आकार वाढला की हिशेब बदलतो. चांगल्या कॅमेऱ्यातला ३:२ चा फोटो ८×१२ वर पूर्ण येतो, पण त्याचीच ८×१० मागितली तर तब्बल दोन इंच जातात. लग्नातल्या ग्रुप फोटोसाठी आधी ८×१० ची फ्रेम विकत घेऊन मग प्रिंट काढायला येणारे याच ठिकाणी अडकतात. दोन इंच म्हणजे रांगेतल्या टोकाच्या माणसांची जागा. मोबाइलवर पूर्ण पडदा भरणारा १६:९ चा फोटो तर मॅक्सीवरसुद्धा लांबीतला एक इंचाहून थोडा जास्त भाग गमावतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या वाटेची. काही जण काहीच कापायचं नाही म्हणून फोटो ताणून कागदाएवढा करतात. ४:३ चा आडवा फोटो ३:२ वर ताणला की माणसं साडेबारा टक्के रुंद होतात. चेहऱ्यावरून हे लगेच कळत नाही, फक्त ‘मी अशी जाड नाही’ असं वाटत राहतं. फोटोतली गोल वस्तू बघा: ताट, घड्याळ, गाडीचं चाक. ती लंबगोल दिसली तर फोटो ताणलेला आहे. प्रिंट परत करून पुन्हा काढून मागा.

मावशींची प्रिंट काही मिनिटांत निघाली. आकाश कमी झालं होतं, पण ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. गर्दीच्या दिवशी शेकडो फाइली एकदम आल्या की प्रत्येक चौकट अशी सरकवायला ऑपरेटरला वेळ नसतो आणि यंत्राचा मध्यच कायम राहतो. म्हणून लॅबला फोटो देण्याआधी मोबाइलच्या क्रॉपमध्ये ३:२ निवडून चौकट स्वतःच बसवा, फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ज्या फोटोतलं काहीच जाऊ द्यायचं नसेल त्याच्यासाठी साइजसोबत ‘फिट’ असं लिहून द्या.