गार खोली, ओलसर गादी

रत्नागिरीत माझ्या ताईच्या घरी वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची झोपायची खोली आहे. डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला भिंत आणि त्या भिंतीत एक खिडकी. भावोजींनी एप्रिलात दीड टनाचा एसी आणला, तोही साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला. "स्लॅब तापतो, एक टन पुरणार नाही," असं दुकानदाराने सांगितलं होतं. पंधरा मिनिटांत खोली गार व्हायची, पण रात्री अंगावरची चादर दमट लागायची. जूनमध्ये कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. ताईला वाटलं, मशिन खराब निघालं. मशिन ठणठणीत होतं, फक्त त्या खोलीला मोठं झालं होतं.

एसी दोन कामं करतो. हवा गार करतो आणि हवेतली वाफ आतल्या थंड कॉइलवर निववून तिचं झालेलं पाणी बाहेर सोडतो. कोरड्या हवेच्या गावात पहिलं काम मुख्य असतं. किनारपट्टीवर मात्र दुसरं काम तितकंच महत्त्वाचं, कारण हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि चोवीस अंशांतही माणूस चिकचिकतो. पाणी काढायचं तर कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. साध्या मोठ्या एसीत तेच होत नाही. तो पूर्ण ताकदीने चालतो, तापमान झटकन उतरवतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. आतला पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर साचलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परततं.

आधी 'टन' म्हणजे काय ते पाहू. या शब्दाचा मशिनच्या वजनाशी काही संबंध नाही. पूर्वी गारव्यासाठी बर्फ वापरत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. वॉटमध्ये ती साधारण 3,500 भरते. दुकानात 'दीड टन' म्हणून विकली जाणारी सगळी मशिनं सारख्या क्षमतेची नसतात. म्हणून स्टार लेबलवर वॉटमध्ये दिलेली क्षमता वाचावी. खरा आकडा तिथे असतो.

ताईच्या खोलीचा मी ढोबळ हिशेब मांडला. मे महिन्यात संध्याकाळी तापलेल्या स्लॅबमधून सात-आठशे वॉट उष्णता आत येते. पश्चिमेची भिंत आणि पडदा लावलेली खिडकी मिळून सहाशेच्या आसपास. दोन माणसं, पंखा आणि दिवा यांचे तीनशे. दारा-खिडक्यांच्या फटींतून शिरणारी दमट हवा सुमारे चारशे वॉटचं ओझं टाकते आणि त्यातला मोठा वाटा वाफेचा असतो. सगळं मिळून दोन हजारांच्या थोडं वर जातं. खोली लवकर गार व्हावी म्हणून भरपूर जादा धरलं, तरी एक टन पुरतो. मध्यरात्रीनंतर स्लॅब निवला की हेच ओझं हजार-बाराशेवर येतं. तेव्हा पाच हजार वॉटचं मशिन जेमतेम पाव वेळ चालतं. उरलेला पाऊण वेळ खोलीतली हवा पुन्हा दमट होत जाते.

इन्व्हर्टरचा फायदा इथे कळतो. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. गारवा जमला की तो बंद न पडता हळू चालत राहतो, त्यामुळे कॉइल थंड राहते आणि पाणी निघत राहतं. विजेची बचतही होते, पण दमट गावात मला हा सलगपणाच जास्त मोलाचा वाटतो. मात्र "इन्व्हर्टरच आहे ना, मग मोठा घेतला तर काय बिघडलं?" हा समज चुकीचा आहे. वेग कमी करण्यालाही मर्यादा असते. बरीच मशिनं आपल्या क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या खाली जाऊ शकत नाहीत. एक टनाचं मशिन हजार-बाराशे वॉटवर येऊन रात्रभर सलग चालेल. दीड टनाचं मशिन सोळा-सतराशेवर अडेल आणि मग साध्या एसीसारखं चालू-बंद होऊ लागेल. खोलीचा हिशेब एक आणि दीड टनाच्या मधोमध येत असेल, तर आधी स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग द्या, खिडकीला बाहेरून सावली करा आणि लहान मशिन घ्या.

आणखी एक बारकावा आहे. काही इन्व्हर्टर अगदी हळू चालताना कॉइल थोडी उबदार होऊ देतात, आणि मग पाणी कमी निघतं. अशा वेळी आतल्या पंख्याचा वेग कमी ठेवावा किंवा रिमोटवरचा 'ड्राय' मोड लावावा.

ताईकडे दीड टनाचं मशिन हॉलमध्ये हलवलं. तो दहा बाय अठराचा आहे आणि स्वयंपाकघराला खुला, तिथे ते बरोबर बसलं. झोपायच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर आला. पहाटे मी निचऱ्याच्या नळीखाली तासभर बादली ठेवली. त्यात अर्ध्या लिटरच्या वर पाणी जमलं होतं. खोलीतल्या छोट्या आर्द्रतामापकावर 56 टक्के दिसत होते. जुन्या मशिनच्या दिवसांत तोच काटा सत्तरच्या वर असायचा.

आता ब्रँडबद्दल. चांगली मशिनं बऱ्याच कंपन्या बनवतात. फरक पडतो तो तुमच्या गावात त्या कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो, याने. किनाऱ्यावर खारी हवा बाहेरच्या युनिटच्या पातळ ॲल्युमिनियम पट्ट्या खाते, त्यामुळे कॉइल तांब्याची आणि गंजरोधक लेप असलेली घ्यावी. समुद्राकडे तोंड करून युनिट बसवू नये. इन्व्हर्टरचा नाजूक भाग म्हणजे बाहेरच्या युनिटमधला पीसीबी. विजेच्या चढउताराने तो जळतो आणि महागही असतो. जाहिरातीत कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी ठळक असते. पीसीबी आणि कॉइलची किती, हे वॉरंटी कार्डावर लिहिलेलं पाहून घ्यावं.

अर्ध्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला तरी बसवण्यात दिसतं. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायलाच हवी. थोडा गॅस सोडून हवा "बाहेर फेकली" म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवा, कारण ती ओल पुढे कॉम्प्रेसरला मारते. वर्षभरात गारवा कमी झाला आणि कुणी थेट "गॅस भरतो" म्हणाला, तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय.

पैसे देण्याआधी एक फोन करा, दुकानाला नव्हे, तालुक्यातल्या सर्व्हिस सेंटरला. "या मॉडेलचा पीसीबी तुमच्याकडे असतो का, नसेल तर किती दिवसांत येतो?" एवढंच विचारा. ज्या कंपनीकडून या प्रश्नाला दिवसांत उत्तर मिळेल, तिचंच मशिन घ्या.