नऊशे दिसले, हातात किती?

समजा, पुण्यातला एक डिलिव्हरी रायडर दहा तास ॲपवर राहिला आणि संध्याकाळी स्क्रीनवर ९०० रुपये दिसले. ही त्याची कमाई नव्हे, धंद्याचा गल्ला आहे.

आधी किलोमीटर बघा. ॲप बहुधा ऑर्डरचंच अंतर धरतं. ग्राहकाकडून रिकामं परतणं त्यात येत नाही. म्हणून घरातून निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरचा आकडा टिपावा. समजा १२० किलोमीटर झाले. ४८ चं ॲव्हरेज धरलं तर अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे १०४ च्या भावाने २६० रुपये.

पुढचा खर्च रोज दिसत नाही, म्हणून तो निसटतो. ९० हजारांची गाडी लाखभर किलोमीटर पळवून ३० हजारांना विकली, तर किलोमीटरमागे ६० पैसे झिजले. ऑइल, टायर, चेनचे आणखी ६० पैसे धरा. दिवसाचे झाले १४४. मोबाइल-डेटाचे १६ वजा केले की उरतात ४८०, म्हणजे तासाला ४८ रुपये. ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही तासांत धरायचाच, नाहीतर दर फुगतो.

आता नोकरीशी तुलना. कमी पगाराच्या नोंदणीकृत नोकरीत मालक साधारणपणे पीएफचे १२ आणि ईएसआयचे ३.२५ टक्के स्वतःच्या खिशातून भरतो. त्या हिशेबाने हे ४८० रुपये सुमारे ४१६ रुपयांच्या रोजाइतकेच ठरतात. भरपगारी रजा तर अजून मोजलेलीच नाही.