पृथ्वीच्या हातून हायड्रोजन का निसटतो?

खोलीचं तापमान 27 अंश सेल्सिअस असेल, तर हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 476 मीटर भरतो. पण सगळे रेणू याच वेगाने धावत नाहीत. ते सतत एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येक टकरीत कुणाचा वेग वाढतो, कुणाचा घटतो. एकट्या रेणूचं काही सांगता येत नाही. अब्जावधी रेणूंमध्ये वेगांची वाटणी कशी असेल, हे मात्र ठरलेलं असतं. ते सूत्र जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी 1860 साली प्रसिद्ध केलं.

या वाटणीचा आलेख शून्यापासून चढतो, शिखर गाठतो आणि उजवीकडे लांब शेपूट सोडत उतरतो. शिखराखालचा वेग म्हणजे सर्वाधिक संभाव्य वेग; आपल्या नायट्रोजनसाठी तो 422 मीटर आहे. शेपूट एकाच बाजूला असल्यामुळे सरासरी थोडी पुढे सरकते. संभाव्य वेगाच्या दुपटीहून जास्त वेगाचे रेणू शंभरात जेमतेम पाच असतात आणि तिपटीच्या पुढे दहा हजारांत चार.

आता पाचशे किलोमीटर उंचीवर जाऊ. तिथे हवा इतकी विरळ असते, की वर निघालेल्या अणूला वाटेत टक्कर द्यायला सहसा कुणी भेटत नाही. सेकंदाला 10.8 किलोमीटरचा वेग असला की तो पृथ्वीच्या ओढीतून कायमचा सुटतो. तापमान साधारण 1000 केल्विन धरू. हायड्रोजनच्या अणूचा संभाव्य वेग तिथे चार किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे सुटकेचा वेग त्याच्या 2.7 पट. शेपटीत हिशेब केला तर हजारात सुमारे तीन अणू त्या मर्यादेपलीकडे असतात. वर निघालेले तेवढे निसटतात, टकरींमधून शेपूट पुन्हा भरते, गळती चालूच राहते.

ऑक्सिजनचा अणू सोळापट जड, त्यामुळे त्याचा वेग चौथा हिस्सा. मर्यादा त्याच्या संभाव्य वेगाच्या साडेदहा पट होते, आणि पात्र अणूंचं प्रमाण एकावर 48 शून्यं दिलेल्या संख्येत एखाद-दोन इतकं उरतं. वेग चौपट कमी झाला म्हणून गळती चौपट कमी झाली नाही. ती जवळजवळ संपलीच. कारण शेपटीतली घट वेगाच्या वर्गावर घातांकी पद्धतीने चालते. सरासरीकडे पाहून हे कधीच कळलं नसतं.

हेलियम मधला. त्याचे एक लाख कोटी अणूंमागे चारच मर्यादा ओलांडतात. खडकांतल्या युरेनियम-थोरियममधून हेलियम सतत बाहेर पडत असतो, तरी हवेत तो दहा लाखांत जेमतेम पाच भाग आहे. एवढ्या क्षीण गळतीने हा हिशेब जुळत नाही. हेलियमचा मोठा वाटा आयन होऊन ध्रुवांजवळच्या चुंबकीय रेषांवरून बाहेर जातो, आणि तिथे मॅक्सवेलचं सूत्र एकटं पुरत नाही.