उरलेलं कोणाला?

विशेष मुलांच्या पालकांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आम्ही नॅशनल ट्रस्टकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेतलंय, आता मुलाच्या फ्लॅटची आणि पैशांची चिंता नाही.’ ही समजूत खोटी आहे, आणि तिला थोडंफार ते नावच जबाबदार आहे. १९९९च्या कायद्याने स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी ती काम करते. तिच्या ‘निरामय’ योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते. तुमचा फ्लॅट आणि तुमच्या ठेवी मात्र ही संस्था सांभाळत नाही. त्यासाठी आपला स्वतःचा खासगी ट्रस्ट करावा लागतो, आणि तो होतो १८८२च्या भारतीय न्यास कायद्याखाली.

न केल्यास काय होतं, ते आधी पाहू. हिंदू वारसा कायद्यात अपंगत्वामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर आई, बहीण आणि तो मुलगा यांचा घरात एकेक तृतीयांश हिस्सा होतो. म्हणायला न्याय झाला. पण पुढे घर विकायची वेळ आली की मुलाच्या हिश्शाची सही कोण करणार, हा प्रश्न उभा राहतो. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत. समितीकडे अर्ज करून पालकत्व घेतलेलं नसेल तर तो हिस्सा गोठतो. पालक नेमला गेला, तरी त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे चांगलंच आहे, पण नेमणूक झालेली असेल तर.

‘मग सगळं मुलीच्या नावावर करतो, ती भावाला बघेल’ हा दुसरा लाडका उपाय. मुलीच्या प्रेमावर मला शंका घ्यायची नाही. पण तिच्या नावावर केलेली मालमत्ता तिची होते. तिच्या घटस्फोटात, तिच्या नवऱ्याच्या कर्जाच्या तारणात किंवा तिच्या अकाली मृत्यूनंतर त्या मालमत्तेचं जे होईल, त्यात भावाला कुठेही जागा नसते.

ट्रस्टमध्ये मालकी आणि उपभोग वेगळे होतात. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे जाते, पण ती वापरायची फक्त मुलासाठी, आणि तेही ट्रस्टच्या दस्तात लिहिल्याप्रमाणे. विश्वस्ताला ती स्वतः विकत घेता येत नाही, आणि तिच्यातून स्वतःचा फायदाही करून घेता येत नाही.

एक कल्पित कुटुंब घेऊ. डोंबिवलीत राहणारे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले सदुसष्ट वर्षांचे वडील, बासष्ट वर्षांची आई, बौद्धिक अक्षमता असलेला चौतीस वर्षांचा मुलगा आणि पुण्यात संसार करणारी मुलगी. राहता फ्लॅट आणि पन्नास लाखांच्या ठेवी. मुलाचा आजचा खर्च महिना पंचवीस हजार: कार्यशाळेची फी, फिट्सची औषधं, खाणं, अर्धवेळ मदतनीस.

वडिलांनी पहिला मसुदा केला तो असा. मुलगी एकटी विश्वस्त, तीच भावाची पालक, आणि भाऊ गेल्यावर उरेल ते तिचं. हजारो कुटुंबांत मसुदा असाच असतो, कारण तो नैसर्गिक वाटतो. पण शेवटचं कलम परत वाचा. भावावर खर्च न केलेला प्रत्येक रुपया शेवटी बहिणीकडे येतो. चांगली फिजिओथेरपिस्ट की साधी, मदतनीस दिवसभर की दोन तास, दाताचं रूट कॅनॉल की दात काढून टाकणं, असा प्रत्येक निर्णय ती घेणार, आणि दर वेळी स्वस्त पर्याय तिच्या फायद्याचा. ती वाईट आहे म्हणून नव्हे. दस्तानेच तिला या जागी बसवलं म्हणून. ती सचोटीने वागली तरी नातेवाईक कुजबुजायचे ते कुजबुजतातच.

म्हणून माझ्या मते अशा ट्रस्टचं खरं काम तीन माणसं वेगळी करण्याचं आहे: मुलाला सांभाळणारा, पैसे सांभाळणारा आणि उरलेलं घेणारा. डोंबिवलीच्या कुटुंबाने शेवटी मसुदा बदलला. मुलीला तिचा वाटा म्हणून दहा लाख मृत्युपत्राने थेट दिले. भावाची पालक तीच राहावी, अशी इच्छा लिहून ठेवली. इच्छा एवढ्यासाठीच, की प्रौढ मुलाचा पालक मृत्युपत्रात नाव लिहून नेमला जात नाही. नेमणूक समिती करते. ट्रस्टला विश्वस्त तीन: वडिलांचा पुतण्या, हिशेब तपासणारा ओळखीचा सीए आणि मुलाच्या कार्यशाळेतल्याच दुसऱ्या मुलाची आई. तिघंही वडिलांपेक्षा निदान वीस वर्षांनी लहान. (समवयस्क मित्राला विश्वस्त करणारे वडील मी बरेच पाहिले. मित्र आपल्या आधीही जाऊ शकतो, हे कोणी बोलत नाही.) उरलेली रक्कम अपंगांसाठी काम करणाऱ्या, विश्वस्त तेव्हा निवडतील अशा संस्थेला. मुलगा ज्या वसतिगृहात राहत असेल त्या संस्थेला मात्र नाही, कारण तिथेही तीच अडचण पुन्हा उभी राहते.

विश्वस्त अनेक असले की आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी लागते. दस्तात वेगळं काही नसेल, तर सर्व विश्वस्तांनी मिळूनच निर्णय घ्यायचे असतात. तिघांतला एक अमेरिकेला गेला की बँकेचा फॉर्म त्याच्या सहीसाठी अडतो. तेव्हा बहुमताने निर्णय आणि दोघांच्या सहीने खातं, हे दस्तातच असलं पाहिजे. जागा रिकामी झाली तर नवा विश्वस्त कोण नेमणार, तेही लिहावं. नाहीतर शेवटी दिवाणी न्यायालयात जायची वेळ येऊ शकते. आणि मोबदला? दस्तात लिहिला नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मिळत नाही. तीस वर्षं फुकट काम करणारा माणूस शोधण्यापेक्षा वाजवी रक्कम लिहिलेली बरी.

आता पैसे. ट्रस्टकडे चाळीस लाख. सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाख ऐंशी हजार व्याज, म्हणजे महिना साधारण तेवीस हजार तीनशे. पंचवीस हजारांच्या जवळ आलं, असं वाटतं. पण महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो आणि व्याज तिथेच राहतं. दुसरा कुठलाच आधार नसेल, तर मुद्दल खात खात हे चाळीस लाख चौदा-एक वर्षांत संपतात. मुलगा तेव्हा, आईवडील आणखी पंधरा वर्षं जगले असं धरलं तरी, साठीच्या पुढे थोडासाच गेलेला असेल.

शिवाय कर. वडिलांना सुचलं होतं की नातवंडांचीही नावं लाभार्थी म्हणून घालू, विश्वस्त ठरवतील कोणाला किती. उदार कल्पना, पण महाग. कोणाचा वाटा किती हे दस्तात ठरलेलं नसेल, तर अशा ट्रस्टच्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे सर्वांत वरच्या दराने कर लागतो. उपकर धरून ३१.२ टक्क्यांनी वर्षाला सत्त्याऐंशी हजारांवर रक्कम जाईल, म्हणजे मुलाचा साडेतीन महिन्यांचा खर्च. सगळं उत्पन्न एकट्या मुलाचं असं ठरवून टाकलं, तर त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर जेवढा लागला असता तेवढाच कर लागतो. मृत्युपत्रानेच केलेल्या एकमेव ट्रस्टला चढ्या दरातून सवलत आहे. पण त्याच्या अटी सीएकडून तपासून घ्याव्यात.

आणि इथेच एक खोच आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. २०२१च्या आदेशाप्रमाणे त्याची अट अशी, की मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराचे तीस टक्के अधिक महागाई सवलत यापेक्षा, कमी असावं. या कुटुंबात ती रक्कम समजा तेवीस हजार होते. ट्रस्टचं व्याज तेवीस हजार तीनशे! कर वाचवायला उत्पन्न मुलाचं ठरवलं, तर निवृत्तिवेतन कार्यालय तेच उत्पन्न मोजू शकतं, आणि तीनशे रुपयांपायी तेवीस हजारांचं निवृत्तिवेतन धोक्यात येतं. उपाय साधा आहे. सगळी रक्कम व्याज देणाऱ्या ठेवीत न ठेवता काही भाग वाढत राहणाऱ्या गुंतवणुकीत ठेवायचा, दर महिन्याला उत्पन्न पाडायचं नाही, आणि निवृत्तिवेतन कार्यालयाकडून अगोदर लेखी खुलासा मागवायचा. निवृत्तिवेतन आणि ट्रस्ट मिळून आयुष्यभराचा खर्च भागण्याची शक्यता खरी. नुसत्या चाळीस लाखांत नाही.

ट्रस्ट जिवंतपणी करायचा की मृत्युपत्रातून? स्थावर मालमत्ता जिवंतपणी ट्रस्टला द्यायची, तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मृत्युपत्राने दिलेल्या घराला मुद्रांक शुल्क नाही. म्हणून बरेच वकील मधला मार्ग सुचवतात: आज लाखभराच्या रकमेने छोटा ट्रस्ट सुरू करायचा, त्याचा पॅन आणि बँक खातं काढायचं, आणि घर व ठेवी मृत्युपत्राने त्याच ट्रस्टला द्यायच्या. बँकेत एखादा कारकून धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र मागेल. ते सार्वजनिक न्यासांना लागतं, खासगी न्यासाला नाही. शांतपणे वरिष्ठांकडे जावं.

ठेवींवरची नामनिर्देशनं या सगळ्याशी जुळवून घ्यावी लागतात. नॉमिनी हा मालक नसतो. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट केलं, ते ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात. पण कायदा काहीही म्हणो, बँक पैसे आधी नॉमिनीच्याच हातात ठेवते. जुनी पावती काकांच्या नावची असेल, तर ते पैसे ट्रस्टपर्यंत आणणं विश्वस्तांच्या कपाळी येतं.

छोटा ट्रस्ट आधी सुरू करण्याचा फायदा शुल्कापुरता नाही. विश्वस्तांना वर्षातून एकदा हिशेब लिहायला लावता येतात. मुलाला कोणत्या गोळ्या किती वाजता, कशाने तो घाबरतो, गर्दीत त्याला कसं न्यायचं, कोणत्या डॉक्टरांचं तो ऐकतो, हे आईने वहीत लिहून त्यांच्या हाती देता येतं आणि दरवर्षी बदलता येतं. पुतण्याने दोन वर्षं हिशेबाला हातच लावला नाही, असं दिसलं तर वडील त्याच्या जागी दुसरा नेमू शकतात. मात्र हा अधिकार स्वतःकडे राखून ठेवल्याचं दस्तात लिहिलेलं हवं.