वाक्याच्या शेवटी उरलेला श्वास

मराठी कवितेचे गेल्या शंभर वर्षांतले जाहीर सादरीकरण पाहिले, तर त्यातला मोठा बदल चालीकडून बोलण्याकडे झालेला दिसतो. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, माधव ज्यूलियन या कवींच्या काळात काव्यगायन ही लोकांना ओढणारी गोष्ट झाली. पुढे अनिलांनी मुक्तछंद रुजवला, 1940 साली ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य त्याच छंदात आले, आणि नंतरच्या दशकांत विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर गावोगाव काव्यवाचन करत फिरले. या प्रवासाला गाणे सुटून विचार आला असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते, वृत्त जे काम न सांगता करत होते, ते आता वाचणाऱ्याच्या श्वासावर येऊन पडले. ते काम म्हणजे ओळीचा शेवट सांभाळणे.

शार्दूलविक्रीडिताची एक ओळ घेऊ. अक्षरे 19, मात्रा 30, आणि बाराव्या अक्षरानंतर यती. म्हणजे 18 मात्रा झाल्या की थांबा, मग उरलेल्या 12. सेकंदाला पाच मात्रा अशा संथ गतीने म्हटले तर ओळ सहा सेकंदांत संपते, आणि साडेतीन सेकंदांच्या आसपास चोरटा श्वास घेता येतो. शेवटचे अक्षर गुरू असते, त्यामुळे चाल तिथेच लांबते. ध्वनिवर्धक नसलेल्या सभेत मागच्या रांगेपर्यंत पोचतो तो लांबवलेला स्वरच. व्यंजने वाटेत विरतात. म्हणून चाल हा नुसता अलंकार नव्हता. कुठे थांबायचे, कुठे श्वास घ्यायचा आणि काय ऐकू जाईल, हे सारे ती ठरवून देत होती.

मुक्तछंदात एक ओळ दोन शब्दांची असते, तर पुढची पंधरा शब्दांची. ध्वनिवर्धकामुळे हलका आवाजही पोचू लागला, पण एक अडचण त्याने सुटली नाही. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘मी त्या घराला, त्या अंगणाला, त्या पावसाला विसरलो नाही’ हे वाक्य पाहा. वाचणारा ‘त्या’पाशी प्रत्येक वेळी भावनेचा जोर लावतो, श्वास तिथेच खर्च होतो आणि ‘नाही’ पुटपुटल्यासारखे निघते. ते ऐकू न आलेल्याला नेमका उलटा अर्थ मिळतो. यावर मोठ्याने बोलणे हा उपाय नाही. ‘अंगणाला’नंतर अर्धा श्वास घ्यावा, ‘पावसाला’ सपाट ठेवावे आणि ‘विसरलो नाही’ एका दमात, किंचित सावकाश म्हणावे. चूक ओळखण्याची खूणही साधी आहे: शेवटच्या रांगेतल्या माणसाला फक्त ओळींचे शेवटचे शब्द विचारावेत. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यासारख्या भागात कोकणी, मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येत असल्याने ही कसोटी तिथे कोणत्याही भाषेतल्या वाचनाला लागू पडते.

यावर एक आक्षेप असा की आधुनिक कविता डोळ्यांसाठी आहे आणि मोठ्याने वाचल्याने तिची अनेकार्थता एका अर्थात कोंडली जाते. वाचणाऱ्याला एक अर्थ निवडावा लागतो, हे खरे आहे. पण ओळ जिथे तुटते तिथे अगदी छोटा थांबा घेऊन स्वर खाली न टाकता अधांतरी ठेवला, तर श्रोत्यालाही क्षणभर दोन्ही वाटा दिसतात. कागदावरची संदिग्धता अशी काळात आणता येते. थांबा टाळून गद्यासारखे वाचले, तरच ती मरते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: श्रोत्यांकडे तोंड केले की कवी टाळीसाठी लिहू लागतो. गझलेच्या मैफलीत पहिली ओळ दोनदा म्हणण्याची रीत आहे. त्यातून श्रोता दुसऱ्या ओळीसाठी तयार होतो आणि कवीला दम मिळतो. तिथली दाद रचनेतच बसते. आजच्या ओपन माइकवर कविता अनेकदा एकाच वाढत्या वेगाने धावते. यमकाशी वेग थांबतो, टाळी पडते आणि तिच्यात पुढच्या ओळीची सुरुवात बुडते. हा दोष संबोधनाचा नसून गतीचा आहे. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहातली कविता समोरच्या माणसाशी बोलते. ती वाचताना नजर श्रोत्यावर हवी, पण वेग त्याच्या टाळीने नव्हे, समजण्याने ठरायला हवा. वृत्ताने शेवटचे गुरू अक्षर राखले होते. आता कवीने क्रियापदापुरता श्वास राखायचा आहे.