पार्सल नेमकं अडलं कुठे?

‘वारंवार सांगूनही सेवेत सुधारणा नाही, तरी योग्य ती कारवाई करावी.’ कुरियर कंपनीला दुकानदार पत्र लिहितात, ते बहुधा असं. शाखेतला माणूस ‘बघतो साहेब’ म्हणतो आणि पत्र फायलीत जातं. कारवाई कशावर करायची, हे त्यात कुठेच नसतं.

कोल्हापुरातला एक चप्पल दुकानदार धरू. फोनवर ऑर्डर घेतो, पुण्या-नागपूरला पार्सलं पाठवतो, बरीचशी कॅश ऑन डिलिव्हरी. पुण्याचं पार्सल दोन दिवसांत पोचेल, असं कंपनीने तोंडी सांगितलंय. प्रत्यक्षात चार दिवस लागतात. तोवर गिऱ्हाइकाचा उत्साह मावळतो आणि पार्सल दारातूनच परत येतं. जातानाचे ८० रुपये आणि येतानाचे ७०, म्हणजे ९०० रुपयांच्या जोडामागे १५० रुपये पाण्यात. उशिराचा खरा फटका हा आहे, आणि पत्रात तो आकड्यानिशी यायला हवा.

त्याआधी महिनाभराच्या पार्सलांचं ट्रॅकिंग उघडून बसावं. प्रत्येक पार्सलाच्या तीन वेळा कागदावर उतरवायच्या: दुकानातून कधी उचललं, कंपनीच्या गोदामात कधी नोंदलं आणि डिलिव्हरीला कधी बाहेर पडलं. आमच्या दुकानदाराला यातून वेगळंच दिसतं. पोऱ्या संध्याकाळी सातला येऊन पार्सलं पोत्यात भरून नेतो, पुण्याची गाडी मात्र त्याआधीच सुटलेली असते. गोदामातली पहिली नोंद दुसऱ्या दिवशीची, आणि कंपनीचे दिवस तिथून मोजले जातात. म्हणजे पहिला दिवस वाटेत नाही, कोल्हापुरातच गेला.

दुसरा घोळ शेवटच्या टोकाला. ट्रॅकिंगवर ‘ग्राहक घरी नव्हता’ असं येतं, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की घरीच होतो, फोनसुद्धा आला नाही. अशी नोंद रात्री उशिरा, एकाच वेळी पाच-सहा पार्सलांवर पडलेली दिसली, तर डिलिव्हरीवाल्याने दिवसाचा हिशेब मिटवलाय असा संशय घ्यायला जागा आहे. गिऱ्हाइकाकडून त्या दिवसाच्या कॉल-यादीचा फोटो मागवून पत्राला जोडावा.

आता पत्र. त्याचा गाभा एवढाच:

‘सोबत गेल्या महिन्यातल्या उशिरा पोचलेल्या पार्सलांची यादी, पावती क्रमांकांसह जोडली आहे. यातली बहुतेक पार्सलं सायंकाळी पाचनंतर उचलली गेली. तरी पिकअप रोज चारच्या आत व्हावा आणि पार्सल दुकानातच स्कॅन करून घ्यावं. पुणे दोन दिवस व नागपूर चार दिवस ही मुदत करारात लिहून द्यावी. दिवस पिकअपच्या स्कॅनपासून मोजावेत. मुदत चुकल्यास त्या पार्सलाचं भाडं पुढच्या बिलातून वजा करावं. गिऱ्हाइकाला फोन न करता परत आणलेल्या पार्सलाचं परतीचं भाडं आम्ही देणार नाही. कृपया पंधरा दिवसांत लेखी कळवावं.’

मुदत लेखी मागण्याला कारण आहे. रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात घरपोच माल नेणाऱ्या कुरियर एजन्सीही येतात, आणि उशिराची जबाबदारी ठरवताना तो कायदा दोघांनी मान्य करून कागदावर घातलेल्या मुदतीकडे बघतो. तोंडी ‘दोन दिवस’ तिथे उपयोगाचे नाहीत. पावतीमागचा बारीक मजकूरही वाचून घ्यावा. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात कागदपत्रं न पोचल्याने परदेशी गिऱ्हाइकाने मालाचे पैसे कमी दिले, मोठं नुकसान झालं. तरी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादाच ग्राह्य धरली. एवढा मोठा निर्यातदार तिथे अडकला, तर महिन्याला शे-दोनशे पार्सलं देणाऱ्याने बुडालेल्या धंद्याची भरपाई मागून पत्र लांबवू नये. भाडं परत मागणं जास्त व्यवहारी.

कंपनीचीही बाजू आहे. दिवाळीआधी गोदामं तुंबतात, पावसात घाट बंद पडतात. दिवाळीचे दोन आठवडे मुदतीतून वगळायची तयारी आपणच पत्रात दाखवली, तर ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे सदाबहार उत्तर बाकीच्या वर्षासाठी कमी चालतं.

पत्र शाखेत देऊन पोच घ्यावी आणि प्रत विभागीय व्यवस्थापकाला मेल करावी, कारण दर आणि अटी बदलायचा अधिकार शाखेला क्वचितच असतो. उत्तर आलं, की घासाघीस सुरू होते. पिकअपची वेळ कंपनी सहसा लवकर मान्य करते, तिचा त्यात फारसा खर्च नाही. परतीच्या भाड्यावर ती अडून बसेल. तिथे आपल्या दुकानदाराने मुदतीच्या भाड्यावर थोडं नमतं घ्यावं, पण परतीचं भाडं सोडू नये: उशिरा का होईना, पोचलेल्या जोडाचे पैसे तरी मिळतात.