बसमधल्या जागेचे १५ रुपये

समजा, ऑफिसला निघालेल्या माणसाच्या हातात कुणी एक कार्ड दिलं. बस ‘अ’: तिकीट २० रुपये, प्रवास ५० मिनिटं, उभं राहून. बस ‘ब’: तिकीट ४० रुपये, प्रवास ४० मिनिटं, बसायला जागा. खाली तिसरी चौकट: ‘दोन्ही नको’. तो एकीवर खूण करतो, की लगेच आकडे बदललेलं दुसरं कार्ड पुढे येतं. एकेकाला अशी आठ कार्डं दाखवायची आणि अशी ३०० माणसं गाठायची, हा झाला निवड-प्रयोग. ‘जागेसाठी किती जास्त द्याल?’ असं थेट विचारलं तर माणूस अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो. इथे तो काय सोडतो आणि काय धरतो, यावरून त्याचं मोल काढायचं असतं. या निवडींच्या गणिताचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी घातला आणि २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आकडे घेऊ. हे समजावण्यापुरते आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. गणितातून प्रत्येक गोष्टीचं वजन निघालं: तिकिटाच्या प्रत्येक रुपयाला −०.०४, प्रत्येक मिनिटाला −०.०५ आणि जागेला +०.६०. या वजनांना स्वतःचं एकक नसतं, म्हणून नुसत्या ०.६० वरून काही कळत नाही. पण जागेच्या वजनाला रुपयाच्या वजनाने भागलं की ०.६० ÷ ०.०४, म्हणजे १५ रुपये येतात. तसंच एका मिनिटाचे सव्वा रुपया, तासाचे ७५. शोधनिबंधात याला ‘पैसे मोजण्याची तयारी’ म्हणतात. बातमीत येतो तो हाच आकडा, भाडेवाढीच्या प्रस्तावाला जोडला जातो तोही हाच. म्हणूनच तो एकटा छापला की मला अस्वस्थ वाटतं.

हा आकडा भागाकारातून आला आहे आणि भागाकाराच्या वरखाली दोन्हीकडे अंदाजच आहेत. समजा, जागेच्या वजनात प्रमाण त्रुटी ०.१२ आहे आणि रुपयाच्या वजनात ०.०१. दोन्ही त्रुटी परस्परांशी निगडित नाहीत असं धरलं, तर १५ रुपयांभोवतीचा ९५ टक्के पल्ला साधारण साडेपाच ते साडेचोवीस रुपये निघतो. पाच रुपये आणि चोवीस रुपये यांतून दोन निरनिराळी धोरणं निघतात. निबंधात हा पल्ला हवाच, शिवाय तो कोणत्या रीतीने काढला तेही हवं. दोन्ही वजनांच्या त्रुटी बहुधा एकमेकींशी निगडित असतात, तेव्हा त्यांचा परस्परसंबंध गणितात घेतला का, हेही कळायला हवं. ३०० माणसांची २४०० उत्तरं म्हणजे २४०० वेगळी माणसं नव्हेत. एकाच माणसाची आठही उत्तरं त्याच्या स्वभावाने बांधलेली असतात. ते विसरलं तर हा पल्ला फसवा, बहुधा आहे त्याहून अरुंद दिसतो.

याहून हळूच शिरणारी चूक नोंदणीच्या रीतीत असते. जागा असेल तर १ आणि नसेल तर ० असं लिहिलं, तर ०.६० हा पूर्ण फरक. पण काही जण +१ आणि −१ असं लिहितात. मग त्याच उत्तरांतून वजन ०.३० येतं, कारण ‘नाही’पासून ‘हो’पर्यंत दोन पावलं असतात. त्याला तसंच ०.०४ ने भागलं की जागेची किंमत १५ ची साडेसात होते. कोष्टकाखाली नोंदणीची रीत लिहिलेली नसेल, तर वाचणाऱ्याला ही चूक पकडायला काही मार्गच उरत नाही.

पुढची अडचण माणसामाणसांतल्या फरकाची. कुणाला पाच रुपये जड वाटतात, कुणाला ते जाणवतही नाहीत. म्हणून रुपयाचं वजन माणसागणिक बदलू दिलं जातं. पण ते घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्रानुसार बदलू दिलं, तर काहींचं वजन शून्याच्या अगदी जवळ येतं, काहींचं शून्यापलीकडेही जातं, म्हणजे महाग तिकीट जास्त आवडणारी माणसं तयार होतात. शून्यालगतच्या संख्येने भागलं की उत्तर हजारोंत जातं आणि अशा भागाकाराची सरासरी गणिताने ठरतच नाही. त्यावर उपाय आहेत: रुपयाचं वजन ऋणच राहील असा वक्र घ्यायचा, नाहीतर सगळं गणित सुरुवातीपासून रुपयांतच मांडायचं. यातलं काय केलं हे न सांगता नुसती सरासरी दिलेली दिसली, की मी आधी रुपयाच्या वजनाचा पसारा पाहते.

आणि कार्डं. त्यांवर तिकिटं २० ते ४० रुपयांच्या आतच असतील आणि निबंध सांगत असेल की माणसं जागेसाठी ६० रुपये जास्त देतील, तर तो आकडा कुणाच्याही निवडीतून आलेला नाही, रेघ पुढे ओढून काढलेला आहे. म्हणून परिशिष्टात एक तरी कार्ड जसंच्या तसं छापलेलं असावं, ‘दोन्ही नको’च्या चौकटीसकट. ती चौकट किती जणांनी निवडली हेही लिहावं, कारण दोनच पर्याय असते तर नाइलाजाने खूण करावी लागलेली माणसं तिथेच दिसतात.